डझनाचा हिशेब आणि पेटीचा आंबा

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हापूसची आवक वाढून भाव उतरू लागले, म्हणजे पुण्यामुंबईच्या गृहसंस्थांमधून देवगड किंवा रत्नागिरीच्या बागायतदाराकडे एकत्रित मागणी नोंदविण्याची लगबग सुरू होते. आणि अडत्याचा व किरकोळ विक्रेत्याचा वाटा वाचवू पाहणारा हा उपक्रम बहुधा फळाच्या दोषामुळे नव्हे, तर नोंदीच्या दोषामुळे कलहाला कारण होतो, असे माझे मत आहे.

पहिला घोटाळा ‘डझन’ या मापातच दडलेला असतो. आंब्याची लाकडी पेटी साधारणतः एकाच मापाची. तीत फळे मोठी असतील तर चार डझन बसतात, लहान असतील तर सहा किंवा त्याहूनही अधिक. अर्थात चार डझनी पेटीतला एक डझन आणि सहा डझनी पेटीतला एक डझन यांच्या वजनात व किमतीत पुष्कळ अंतर पडते, आणि दोन्ही प्रकारच्या पेट्या एका यादीत मिसळल्या की ज्याच्या वाट्याला लहान फळे आली त्याला आपण फसविले गेलो असे वाटणे स्वाभाविकच आहे. म्हणून एका खेपेला एकाच प्रतीची, समजा पाच डझनी, पेटी मागवावी आणि हा तपशील भावाच्या आधी जाहीर करावा.

नोंदीसाठी व्हॉट्सॲपवर स्वतंत्र गट करतात, तेही योग्यच. मात्र प्रत्येकाने यादी उतरवून घेऊन तीत आपले नाव जोडावे व ती पुन्हा पाठवावी, ही रूढ पद्धत मी त्याज्य मानतो. दोन शेजाऱ्यांनी एकाच वेळी यादी उतरवली, की नंतर येणाऱ्या यादीत आधीच्याची ओळ नसते, आणि ती गळाल्याचे पेट्या उघडेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यापेक्षा मूळ संदेशाला उत्तर म्हणून प्रत्येकाने केवळ घरक्रमांक व डझनांची संख्या लिहावी, यादीवर लेखणी एकाच्याच हाती असावी, आणि त्या कारभाऱ्याने रोज रात्री क्रमवार फर्द प्रसिद्ध करावी. पाककृती, चौकशा आणि शुभेच्छा यांना दुसरा गट मोकळा आहे.

उदाहरणादाखल असे धरू, की मुदतीअखेर 62 डझनांची मागणी नोंदली गेली. पाच डझनी बारा पेट्यांत 60 डझन होतात आणि तेरा पेट्यांत 65. तेव्हा तीन डझनांसाठी गिऱ्हाईक मिळते का हे एक दिवस पाहावे, न मिळाल्यास शेवटी नोंदविलेल्यांच्या मागणीतून दोन डझन कमी करावेत, आणि हा नियम आरंभीच लिहून ठेवावा. तेरा पेट्या ठरल्या, डझनाला 800 रुपये भाव पडला, तर फळाचे 52,000 आणि वाहतुकीचे 2,600 मिळून डझनाला 840, म्हणजे फळाला 70 रुपये होतात.

भरणा यूपीआयने आगाऊ घ्यावा व शेऱ्यात घरक्रमांक लिहावयास सांगावे. कारण ‘पैसे पाठविले’ असे दर्शविणारे पडद्याचे चित्र हा वसुलीचा पुरावा नव्हे. बँकेच्या खात्यात रक्कम जमा दिसल्यावरच फर्दीत नावापुढे खूण करावी. मुदतीत भरणा न करणाऱ्याचे नाव तगादा न लावता गाळावे व प्रतीक्षेतल्याला संधी द्यावी.

पेट्या आल्या की त्या बंदिस्त, तापलेल्या वाहनतळावर रात्रभर थरावर थर रचून ठेवू नयेत. संध्याकाळचे दोन तास वाटपासाठी मुक्रर करावेत, न येऊ शकणाऱ्याने कोणाला अधिकार दिला हे गटावर आधी लिहावे, आणि पेट्या चारचौघांसमक्ष उघडाव्यात. चेपलेले, चिकाने डागाळलेले फळ तेथेच बाजूला काढता येते. साका मात्र बाहेरून दिसत नाही. कच्चे आलेले फळ पेंढ्यात आठदहा दिवस पिकून कापल्यावरच आतला पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस गर प्रकट होतो.

यास्तव वाटपाच्या दिवशी हिशेब मिटविणे ही मोठीच चूक होय. बागायतदाराशी आधी ठरवून, त्याच्या रकमेपैकी 2,000 रुपये बारा दिवस राखून ठेवावेत. कापलेल्या फळाचे छायाचित्र व घरक्रमांक गटावर यावा, आणि वीस फळे बाद ठरली तर 1,400 रुपये त्या त्या घरी परत करून उरलेले 600 बागायतदाराला पोहोचवावेत. ज्या बागायतदाराला ही अट मान्य नाही त्याच्याकडे दुसऱ्या वर्षी मागणी नोंदवू नये, आणि ज्या शेजाऱ्याने मुदतीनंतर तक्रार आणली त्याची ती घेऊ नये.