‘श्रीकृष्ण’ किती अक्षरांचा?

दारावरच्या पाटीसाठी ‘श्रीकृष्ण’ एवढे एकच नाव सुलेखनात हवे आहे आणि दर अक्षरामागे ठरलेला आहे. मग पैसे किती अक्षरांचे घ्यायचे? शाळेत शिकलेल्या हिशेबाने श्री, कृ आणि ष्ण अशी तीन अक्षरे होतात. पण हेच नाव टाइप करून संगणकाला मोजायला दिले, तर बरीच साधने नऊ हा आकडा दाखवतात. संगणकात पाच व्यंजने, दोन हलन्त चिन्हे, एक वेलांटी आणि एक ऋकार यांची नोंद वेगवेगळी होते. ‘स्वातंत्र्य’ हा तीन अक्षरी शब्द तर या मोजणीत अकरावर जातो. घरबसल्या सुलेखनाची कामे घेणारे अनेक जण इंग्रजी मजकुराचे दरपत्रक पाहून आपले दरपत्रक तयार करतात, आणि गिऱ्हाइकाशी पहिली कुरबुर होते ती याच मोजणीवरून.

त्यावरचा साधा उपाय म्हणजे गिऱ्हाइकाला बोट ठेवून मोजता येईल तेच अक्षर धरायचे. जोडाक्षर एक, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वार त्यातच, प्रत्येक आकडा एक, आणि ‘चि. सौ. कां.’ ही तीन. ‘त्र्य’ लिहायला ‘र’पेक्षा जास्त वेळ लागतो हे खरे, पण त्यासाठी वेगळा भाव लावला की दरपत्रक कोणालाच समजेनासे होते. हा जास्तीचा वेळ सरासरीत धरावा. मात्र ही मोजणी कशी करणार हे काम घेण्याआधी एका ओळीत लिहून द्यायला हवे.

तरीही नुसत्या अक्षरांवर दर ठरवला तर लहान काम तोट्यात जाते. ‘कमल’ या नावात शिरोरेषेच्या वर काही नाही आणि अक्षरांच्या खालीही काही नाही. ‘कुलकर्णी’मध्ये पहिल्याच अक्षराला खाली उकार आहे, आणि शेवटच्या अक्षरावर रफार व वेलांटी एकाच जागेसाठी भांडतात. उकार किती लांबवायचा, वेलांटी मागे कुठपर्यंत न्यायची, रफार तिच्या आत बसवायचा की बाहेर काढायचा, हे ठरेपर्यंत कागदांचा ढीग होतो. चार अक्षरांचे नाव प्रत्यक्ष लिहायला मिनिटभर पुरते. दिवस जातो तो ते कसे लिहायचे हे शोधण्यात. हा शोध अक्षरांच्या संख्येवर अवलंबून नसतो, म्हणून त्याची रक्कम वेगळी आणि ठरावीक असावी लागते.

नमुन्यादाखल आकडे घेऊ. रचनेचे दीड हजार रुपये आणि पाटीच्या मोठ्या अक्षरांना प्रत्येकी शंभर. वर घराचे नाव ‘श्रीकृष्ण’, खाली आडनाव ‘कुलकर्णी’, म्हणजे तीन आणि चार मिळून सात अक्षरे. लेखनाचे झाले 2,200 रुपये. आता याच दराने एकसष्टीच्या समारंभासाठी साठ शब्दांचे मानपत्र लिहायचे ठरवले, आणि शब्दाला सरासरी तीन अक्षरे धरली, तर 180 अक्षरांचे अठरा हजार आणि वर रचनेचे दीड हजार होतात. इतके कोणी देणार नाही आणि मागूही नयेत, कारण मानपत्रातली अक्षरे पाटीपेक्षा कितीतरी लहान असतात आणि बारीक निबने एका लयीत लिहून होतात. तिथे अक्षराला पंचवीस रुपये धरले की सारे मिळून 6,000 रुपयांपर्यंत येते.

पण ‘मजकूर मोठा तर दर आणखी कमी’ हा व्यापारी नियम सुलेखनाला मात्र लावता येत नाही. पाटीसाठीचे नाव चुकले तर छोटा कागद फुकट जातो. मानपत्रात 175 वे अक्षर चुकले तर आधीची 174 अक्षरेही त्याच्याबरोबर जातात, कारण हातकागदावर शाई खोल मुरते आणि खरवडली की तिथला पोत कायमचा बिघडतो. मजकूर जितका लांब तितका हा धोका वाढतो. म्हणून जाणकार सुलेखनकार आधी त्याच मापाचा पूर्ण कच्चा मसुदा करतात, ओळी कुठे तुटतात ते पाहतात, मग तो कागदाखाली ठेवून खालून उजेड देतात आणि वर पक्के लिहितात. एका पानापुढच्या मजकुराला अक्षरांऐवजी पानाचा दर लावणे जास्त न्यायाचे, आणि त्यात एक पान पुन्हा लिहावे लागेल हे धरलेलेच असावे.

मोडीची मागणी आली की हिशेब आणखी बदलतो. देवनागरीत बहुतेक जण अक्षरे लिहून मग शिरोरेषा देतात. मोडीत कागदभर आडवी रेघ आधी ओढली जाते आणि अक्षरे तिला लटकत, शक्य तितका हात न उचलता पुढे सरकतात. जुन्या कागदपत्रांत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ह्रस्व-दीर्घ वेलांटी आणि उकार यांचा भेदही त्यांत पाळला जात नाही. इथेच तक्रारी सुरू होतात. ‘किरण’ आणि ‘कीर्ती’ यांची पहिली अक्षरे मोडीत सारखीच का, असे गिऱ्हाईक विचारते, आणि त्याला ती चूक वाटते. ही लिपीची रीत आहे हे मसुद्याबरोबरच सांगितले, तर पुढचा मनस्ताप टळतो.

दुसरी अडचण वळणाची. ‘शिवकालीन मोडीत लिहून द्या’ असे लोक सहज म्हणतात, पण त्यांच्या डोळ्यांसमोर असते ते पुष्कळदा पेशवाईतले गोलसर, एकसारखे, उजवीकडे कललेले अक्षर. पेशवेकाळातही चिटणिसी, बिळवलकरी, रानडी अशी वेगवेगळी वळणे होती. त्यामुळे नुसते काळाचे नाव ऐकून काम घेण्यापेक्षा एखाद्या छापलेल्या अस्सल पत्राचे पान दाखवून ‘हे वळण’ असे ठरवणे बरे. मोडीला युनिकोडमध्ये 2014 साली स्थान मिळाले आणि तिचे फाँटही आहेत. ताडून पाहायला ते उपयोगी पडतात, पण फाँटमधले अक्षर गिरवून त्याला हातचे सुलेखन म्हणून विकणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. हाताने लिहिलेल्या मोडीत तेच अक्षर शेजारच्या अक्षरानुसार थोडे थोडे बदलते. एका ओळीतले सगळे ‘र’ तंतोतंत सारखे दिसले तर ते फाँटचे काम समजावे.

शिवाय मोडी मागणाऱ्या बहुतेकांना ती वाचता येत नाही. मग मसुदा त्यांनी तपासायचा कसा? मोडीतल्या प्रत्येक अक्षराखाली बारीक देवनागरी अक्षर लिहिलेला मसुदा पाठवावा आणि लेखी होकार घ्यावा. लांब मजकूर असेल तर मोडी वाचणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून तो वाचून घ्यावा, आणि त्याचे मानधन दरातच धरावे. पाटी घराबाहेर लागणार असेल तर मोडीखाली छोटी देवनागरी ओळही हवी; पोस्टमनला घर सापडले पाहिजे. दुकानाच्या पाटीला तर पर्यायच नाही. महाराष्ट्रात 2022 च्या कायदेदुरुस्तीनंतर दुकानांच्या पाटीवर मराठी देवनागरी अक्षरे सुरुवातीला असणे आणि ती इतर लिपींतल्या अक्षरांपेक्षा लहान नसणे बंधनकारक आहे. नुसती मोडी तिथे चालत नाही.

देवनागरीतही मजकूर रोमन लिपीत आलेला कधी घेऊ नये. Dixit वरून ‘दिक्षित’ की ‘दीक्षित’ हे लिहिणाऱ्याने ठरवायचे नसते. ‘गोऱ्हे’ आणि ‘कऱ्हाडे’ या आडनावांतला अर्धा र ह्याच्या आधी आडवा येतो. फोनवर घाईत टाइप केले की त्याचा रफार होतो आणि आडनावाचा उच्चारच बदलतो. ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांपेक्षा वेगळी आहेत, आणि बऱ्याच फोनांवर हिंदी वळणेच दिसतात. पाटीवर मराठी ‘ल’ पाहून कोणी चकित होऊ नये, म्हणून तेही मसुद्यातच दाखवलेले बरे.

कागदावरचे अक्षर लाकडावर किंवा पितळेवर जायचे, तर ते मोठ्या रेझोल्यूशनने स्कॅन करून त्याची व्हेक्टर फाइल करतात आणि लेझर कटिंगवाल्याला देतात. इथे शिरोरेषा फार कामाची ठरते. तिने सगळी अक्षरे एकमेकांना धरून ठेवलेली असतात, म्हणून अख्खे नाव एकाच तुकड्यात कापून निघते. सुटतो तो अनुस्वाराचा टिंब. ‘आनंद’मधला टिंब वेगळा पडतो, चिकटवताना सरकतो, आणि पाठवण्याच्या वाटेत हमखास निखळतो. म्हणून रचना करतानाच तो मागच्या पट्टीवर बसेल किंवा शिरोरेषेला टेकेल असा ठेवावा लागतो. कटिंग, लाकूड आणि पॉलिश यांचा खर्च लेखनाच्या दरात न मिसळता वेगळा दाखवला, तर गिऱ्हाइकाला स्वस्त साहित्य निवडण्याची मुभा राहते.

पाठवण्याचा खर्च वजनावर ठरतो असे वाटते, पण कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारणपणे 5,000 ने भागायची, की आकारमानाचे वजन किलोत मिळते. श्रीकृष्ण-कुलकर्णींची 45 बाय 15 सेंटिमीटरची, दोन सेंटिमीटर जाड सागवानी पाटी किलोच्या आतच भरेल. पण चहूबाजूंनी फोम घालून तिचे खोके 53 बाय 23 बाय 8 चे झाले, तर हिशेब 1.95 किलोवर जातो आणि पैसे दोन किलोचे लागतात. पाटीचे माप ठरवतानाच खोक्याचे माप काढले नाही, तर हा फरक विकणाऱ्याच्या खिशातून जातो.

मानपत्र नळीत गुंडाळून पाठवणे स्वस्त पडते, पण साध्या शाईने लिहिले असेल तरच. गाउशसारख्या जाड रंगाला किंवा सोन्याच्या वर्खाला गुंडाळताना भेगा पडतात. असे काम सपाट ठेवून, दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठे लावून पाठवावे लागते आणि त्याचा दर आधीच वाढवून सांगावा लागतो. पावसाळ्यात हातकागद दमट हवेने लाटांसारखा वर येतो, तेव्हा आतले प्लास्टिकचे पाकीट पूर्ण बंद हवे. आणि शाई पाण्याने न फुटणारी हवी.

परदेशातल्या मराठी घरांसाठी पाटीचा प्रवास बराच अवघड झाला आहे. 800 डॉलरपर्यंतच्या मालावरची करमाफी अमेरिकेने 29 ऑगस्ट 2025 पासून बंद केली, त्यामुळे तिकडे पाठवलेल्या पाटीवर आता आयात कर लागू शकतो. तो कोण भरणार हे आगाऊ रक्कम घेतानाच ठरवावे. ऑस्ट्रेलियात लाकडी वस्तू जैवसुरक्षेच्या तपासणीत अडकू शकते. अशा वेळी अनेकदा चांगला पर्याय असा असतो की लाकूड पाठवायचेच नाही: लेखन करून व्हेक्टर फाइल द्यायची आणि गिऱ्हाइकाने ती आपल्या गावातच कापून घ्यायची. फाइल घेणारा ती पाटीशिवाय कुठे वापरू शकेल, कपांवर किंवा शर्टांवर छापून विकू शकेल का, हे बिलावर लिहिलेले असावे. दर त्याप्रमाणे बदलतो, आणि रचनेचे ते दीड हजार मात्र तसेच राहतात.