विंचूदंशात प्राणवायू अपुरा का पडतो?

पेण-रोह्याकडे लाल विंचवाच्या दंशाने फुप्फुसांत पाणी भरलेल्या रुग्णास प्राणवायू लावूनही ऑक्सिमीटरचा आकडा फारसा चढत नाही. दम्यात तो चढतो. तेथे अरुंद नलिकांतून वायुकोशांत थोडी तरी हवा जाते आणि तिच्यातील प्राणवायू वाढवला की पुरतो. पाण्याने भरलेल्या कोशांत तो पोहोचतच नाही. समजा, दहापैकी चार भाग रक्त अशा कोशांवरून 70 टक्के संपृक्ततेनेच परतले. उरलेले सहा भाग आधीच जवळजवळ 100 टक्क्यांवर असल्याने आणखी प्राणवायू नाममात्रच घेतात. मिश्रण 88 च्या आसपासच अडते. म्हणून प्राणवायू चालू ठेवून, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी 1980च्या दशकात रूढ केलेल्या प्राझोसिनसाठी व दाबयुक्त श्वसनसाहाय्यासाठी रुग्णास तत्काळ रुग्णालयी धाडावे, असे आम्ही सुचवितो.