पॅकेज सत्तर हजारांचं, मग वरचे साडेनऊ हजार कशाचे?

गैरसमज : पॅकेज ठरलं म्हणजे सगळं आलं.

अकोल्याच्या आमच्या काकाजींच्या पित्ताशयातले खडे काढायचे होते. अमरावतीच्या एका दवाखान्यात काउंटरवर सांगितलं, "काकाजी, सत्तर हजारात सगळं येते." विमा कॅशलेस होता. सुटीच्या दिवशी मात्र बिल 81,400 चं निघालं आणि विमा कंपनीने 9,600 रुपये नाकारले. तेवढे रोख भरा, मग सुटी, असं सांगण्यात आलं.

वस्तुस्थिती : पॅकेजमध्ये साधारणपणे डॉक्टर व भूलतज्ज्ञांची फी, ऑपरेशन थिएटर, ठरावीक दिवसांची खोली आणि नेहमीची औषधं असतात. जास्तीचा मुक्काम, आयसीयू किंवा काढलेल्या पित्ताशयाची बायोप्सी बरेचदा बाहेर राहते. म्हणून किती दिवस, कोणती खोली, बायोप्सी धरली आहे का, हे भरतीआधीच कागदावर लिहून घ्यावं.

गैरसमज : विम्याने नाकारलेला प्रत्येक रुपया रुग्णानेच भरायचा.

इथेच लोक फसतात. कोणता खर्च कशात धरायचा, याच्या विमा नियामक इर्डाच्या वेगवेगळ्या याद्या आहेत. हातमोजे, मास्क, ईसीजीचे इलेक्ट्रोड, पोटाचा पट्टा हे पहिल्या यादीत येतात. पॉलिसीत वेगळी सोय नसेल तर त्यांचा खर्च आपलाच. पण कापूस, गॉज, चिकटपट्टी, सर्जिकल ब्लेड, हार्मोनिक स्काल्पेल हे शस्त्रक्रियेच्या खर्चातच धरलेले आहेत. फाइल उघडणे, डिस्चार्जची कागदपत्रं यांचे पैसे खोलीभाड्यात.

काकाजींचं बिल आम्ही ओळीओळीने वाचलं. वरच्या 11,400 मध्ये बायोप्सीचे 1,800 होते, ते विम्याने दिले. हातमोजे, इलेक्ट्रोड आणि पट्ट्याचे 2,200 आमचे होते, ते आम्ही भरले. उरले 7,400 : हार्मोनिक स्काल्पेलचे 6,000, कापूस-गॉज-पट्टीचे 1,400. ही रक्कम आधीच पॅकेजमध्ये आहे, असं दवाखान्याला लेखी देऊन त्यांच्या विमा कंपनीसोबतच्या दरकराराची विचारणा केली. संध्याकाळपर्यंत ती बिलातून निघाली. इर्डाचा अंमल विमा कंपन्यांवर चालतो, दवाखान्यांवर नाही. त्यामुळे दवाखान्यापुढे खरा आधार हा करारच असतो.

गैरसमज : फुले योजनेतही थोडेफार वरचे द्यावेच लागतात.

अजिबात नाही. 2 जुलै 2012 ला ही योजना राजीव गांधी जीवनदायी नावाने ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होतं. अकोला पुढच्या टप्प्यात आलं. तिच्या पॅकेजमध्ये तपासण्या, इम्प्लांट, औषधं, जेवण, घरी जायचं भाडं आणि सुटीनंतरचे दहा दिवसही येतात. मंजूर शस्त्रक्रियेसाठी कोणी पैसे मागितले तर आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा, नाहीतर 155388 वर फोन करा, आणि पैसे दिले असतील तर त्यांची पावती सोडू नका.