झुंबर साफ करायचंय? आधी लोलक मोजा!



घरगुती सफाईची सर्व्हिस सुरू करायची म्हणता ना? मग दसरा-दिवाळीच्या आधी एक काम तुमच्याकडे हमखास येणार. पावसाळाभर दिव्याभोवती आलेली पाखरं काचेच्या शेडमध्ये पडून मेलेली असतात. हॉलमधल्या झुंबरावर धुळीचा थर असतो. घरच्यांचे हात तिथे पोचत नाहीत, म्हणून ते माणूस शोधतात.

माझं या प्रकारातलं पहिलंच काम अंगाशी आलं होतं. काचेची वाटीसारखी शेड दिव्यावरून काढली आणि गरम असतानाच बेसिनमध्ये गार पाण्याखाली धरली. टक्कन आवाज आला आणि शेडचे दोन तुकडे! तीन शेडचा सेट होता, त्याच नक्षीची चौथी बाजारात मिळेना. शेवटी तिन्ही नव्या घेऊन द्याव्या लागल्या. मजुरी गेलीच, वर पदरचे पैसे गेले. तेव्हा एक गोष्ट कळली. या कामात चमकवणं सोपं आहे. सगळं न फोडता, न हरवता परत जागेवर लावणं, त्याचेच आपल्याला पैसे मिळतात.

समजा, एका फ्लॅटमध्ये पॅसेजला तीन वाट्या आणि हॉलमध्ये 96 लोलकांचं झुंबर आहे. तुम्ही दोघं जण आहात. कसं कराल?

आधी करंट, मग शिडी

नुसतं बटण बंद करून हात लावायचा नाही. वायरिंग उलटं असेल तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट राहू शकतो. म्हणून त्या दिव्यांचा एमसीबी पाडा. आता एक गोष्ट बरेच जण विसरतात, ती म्हणजे इन्व्हर्टर. हॉलचे दिवे बहुतेक वेळा इन्व्हर्टरवर असतात. तुम्ही मेन बंद केलात की इन्व्हर्टर तोच दिवा लगेच चालू ठेवतो! त्यामुळे मालकांना विचारून इन्व्हर्टरही बंद करा. मग टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो पेटतो का बघा आणि नंतर होल्डर तपासा. उघडी किंवा जळकी वायर दिसली तर काम थांबवायचं आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायला सांगायचं.

दिवे गार व्हायला अर्धा तास द्या. तोवर खाली जुनी गोधडी अंथरा. हातातून लोलक निसटलाच तर फरशीवर फुटतो, गोधडीवर बहुधा वाचतो. शिडी लाकडी किंवा फायबरची घ्या. एकाने वर चढायचं, दुसऱ्याने शिडी धरायची. वरच्याने काढलेली वस्तू खालच्याच्या हातात द्यायची, शिडीवर काही ठेवायचं नाही.

वाट्या: आधी कोरडं, मग ओलं

वाटी साधारणपणे कडेच्या तीन स्क्रूंवर असते. एक तळहात खालून वाटीला लावून ठेवा आणि मगच स्क्रू सैल करा. खाली आणली की वर्तमानपत्रावर अलगद उलटी करा आणि उरलेले किडे, पंख कोरड्या मऊ ब्रशने झाडून घ्या. इथे घाई करून पाणी घातलंत तर पंख आणि पाय काचेला चिकटतात, धुळीचा चिखल होतो आणि काम दुप्पट वाढतं.

मग टबच्या तळाशी टॉवेल घाला, कोमट पाणी भरा, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका आणि वाटी दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. तपकिरी ठिपके भिजून सुटतात. ब्लेडने खरवडायचं नाही, ओरखडा कायमचा राहतो. सोनेरी किनार किंवा हाताने रंगवलेली नक्षी असेल तर भिजवूच नका. ओल्या फडक्याने आधी एका कोपऱ्यात पुसून बघा. फडक्यावर रंग उतरला तर तो भाग फक्त कोरडाच झाडा.

परत बसवताना वाटी पूर्ण कोरडी हवी. स्क्रू बोटांनी टेकेपर्यंत फिरवायचे आणि किंचित मागे घ्यायचे. दिव्याच्या उष्णतेने काच फुगते. स्क्रू करकचून आवळलेले असतील तर चार दिवसांनी तडा जातो आणि नाव तुमचं येतं.

झुंबर: फिरवायचं नाही, फवारायचं नाही

सुरुवात मोबाईलपासून. चारही बाजूंनी फोटो काढा आणि मालकांसमोर लोलक मोजा. आपल्या झुंबरात बाहेरच्या कड्यावर 48, मधल्यावर 32, आतल्यावर 16. आधीच तुटलेला किंवा गायब असलेला लोलक याच वेळी दाखवा. नंतर सांगितलंत तर कोणी ऐकणार नाही. छताचा हुकही बघा. प्लास्टरला भेग असेल किंवा झुंबर झुलत असेल तर हात लावू नका.

दुसरी बाजू पुसायला झुंबर फिरवायचा मोह होतो. तसं केलं तर वरची वायर पिळली जाते, दांड्याचे आटे सुटू शकतात. आपण शिडी हलवायची, झुंबर नाही. तसंच वरून फवारा मारून पाणी ठिबकू द्यायचं नाही, ते होल्डरमध्ये उतरतं आणि पिना खराब करतं.

आधी मऊ ब्रशने वरून खाली धूळ झाडा. मग एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तीन भाग डिस्टिल्ड पाणी मिसळा. बोअरच्या पाण्याने काचेवर पांढरे डाग राहतात, म्हणून डिस्टिल्ड. हे मिश्रण पेट घेऊ शकतं, तेव्हा देवाची समई विझलेली हवी आणि खिडक्या उघड्या.

दोन्ही हातांत सुती हातमोजे घाला. एका मोज्यावर मिश्रण थोडं फवारा, दुसरा कोरडा ठेवा. लोलक ओल्या बोटांत धरून पुसा, लगेच कोरड्याने पुसा. आतल्या कड्यापासून बाहेर या, नाहीतर पुसलेल्यालाच परत हात लागतो. खूप तेलकट झालेले असतील तरच लोलक काढायचे. तेव्हाही एका वेळी एकच कडं, आणि प्रत्येक कड्याचे लोलक वेगळ्या डब्यात. शेवटी परत मोजा: 48, 32, 16.

मग दर काय सांगायचा?

या कामाला दोघांना साधारण तीन तास धरा, म्हणजे सहा माणूस-तास. तुमच्याकडे तासाला 150 रुपये मजुरी धरली तर 900. सामान 80, येणं-जाणं 120. झाले 1100. त्यावर तुटफुटीसाठी 200 बाजूला ठेवा आणि 1300 सांगा. ते 200 नफ्यात धरायचे नाहीत. दहा कामांत एखादा लोलक फुटणारच, तो त्यातून भरून द्यायचा. छत उंच असेल, साध्या घडीच्या शिडीवरून हात पोचत नसेल, तर ते काम सध्या घेऊ नका. त्याला पालाड आणि अनुभवी माणसं लागतात.

निघताना एक गोष्ट मालकांना जरूर सांगा. पांढऱ्या प्रकाशाच्या बल्बऐवजी पिवळसर बल्ब लावला तर पाखरं कमी येतात. पुढच्या वर्षीचं काम थोडं हलकं होईल, पण फोन तुम्हालाच येईल.

या रविवारी आपल्याच घरातली एक वाटी उतरवा आणि घड्याळ लावून हे सगळं करून बघा. तुम्हाला किती वेळ लागला, त्यावरून तुमचा दर ठरवा.