एफडी की एवढी?

‘गुणवत्ता आणि प्रशिक्षणासाठी हा कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो.’ हे वाक्य आपल्याला तोंडपाठ झालंय. रेकॉर्ड झालेल्या त्या कॉलचं पुढे काय होतं, हा प्रश्न मात्र सहसा कुणाच्या मनात येत नाही. बहुतेक कॉल सर्व्हरवर पडून राहतात. क्वालिटी विभागातली माणसं त्यातले मूठभर उचलून ऐकतात, गुण देतात आणि बाकीचे कुणाच्याही कानावर न पडता मुदत संपली की पुसले जातात.

आता एक प्रसंग धरू. एका विमा कंपनीकडे तक्रारी येऊ लागल्या आहेत की, फोनवरून मराठीत पॉलिसी विकणारे काही एजंट ग्राहकांना ‘ही एफडीच आहे’ असं सांगतात. तक्रारदार पंधरा-वीसच आहेत, पण फसलेले नक्की किती? महिन्याला १२,००० कॉल होतात, एकेक सरासरी सहा मिनिटांचा. म्हणजे १,२०० तास. दिवसाला सहा तास हेडफोन लावून ऐकणाऱ्या माणसाला त्यासाठी २०० दिवस लागतील, आणि सहाव्या तासाला त्याचं लक्ष ठिकाणावर असेल याची खात्री कुणी देऊ नये.

अशा वेळी सगळं संभाषण लिहून न काढता, न वाचता, फक्त ठरलेला शब्द नेमका कुठे उच्चारला गेला ते यंत्राकडून शोधून घेतात. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने १९९२ च्या सुमारास ऑपरेटरच्या मदतीने लागणाऱ्या कॉलसाठी पाच पर्याय ओळखणारी यंत्रणा आणली. लोकांनी फक्त एक शब्द बोलावा अशी अपेक्षा होती. लोक अर्थातच ‘मला जरा अमुक करायचंय हो’ अशा थाटात बोलत. तेव्हा आजूबाजूचा सगळा पाल्हाळ ‘इतर’ म्हणून बाजूला टाकायचा आणि त्यातून आपला शब्द तेवढा उचलायचा, ही युक्ती बेल लॅब्जच्या संशोधकांनी वापरली. आजची पद्धत त्याच घराण्यातली आहे, फक्त शब्द पाचाऐवजी हवे तितके, आणि तेही रेकॉर्डिंग झाल्यानंतर ठरवता येतात.

ते कसं जमतं? आधी प्रत्येक कॉल एकदाच यंत्राखालून जातो. यंत्र आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे बारीक काप करतं आणि प्रत्येक कापापुढे अंदाज नोंदवतं: इथे ‘ए’ असण्याची शक्यता इतकी, ‘व’ची इतकी, ‘फ’ची इतकी. शब्द कोणता, हे ते ठरवतच नाही. फक्त ध्वनींच्या शक्यतांची एक लांबलचक वही तयार होते. नंतर आपण ‘एफडी’ असं टाइप केलं की यंत्र त्याचे ध्वनी पाडतं (ए, फ, ड, ई) आणि हे ध्वनी या क्रमाने कुठे बसतात ते वहीत पाहतं. जिथे बसतात तिथली वेळ आणि जुळणीचे गुण दाखवतं: अमुक कॉल, तीन मिनिटं बारा सेकंद, शंभरपैकी ७४. त्या जागेवर क्लिक केलं की आजूबाजूचे पंधरा सेकंद ऐकू येतात. शोध काही सेकंदांत होतो. उद्या नवा शब्द सुचला तर कॉल पुन्हा यंत्राखालून काढावे लागत नाहीत, वही तयारच असते.

आता आपल्या विमा कंपनीने ‘एफडी’ शोधायला घेतलं. पहिल्याच दिवशी हजारो जागा सापडल्या. व्यवस्थापकांना घाम फुटला. मग एकाने दहा-बारा तुकडे ऐकले. ‘एवढी रक्कम नाही हो माझ्याकडे.’ ‘एवढी माहिती पुरे.’ ‘एवढी घाई कशाला?’

मराठीत हा खास आपला घोटाळा आहे. ‘एफडी’ आणि ‘एवढी’ कागदावर दूर दिसतात, पण फोनवर सख्खी भावंडं होतात. ‘फ’ आणि ‘व’ यांत फरक असतो तो दोन गोष्टींचा: ‘फ’मध्ये हवेची सळसळ जास्त, ‘व’मध्ये कंठातली गुणगुण. पारंपरिक टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवते. सळसळीचा बराच भाग त्याच्या वर, गुणगुणीचा बराच भाग खाली. म्हणजे ज्या दोन खुणांवरून ओळखायचं, त्याच दोन्ही कापल्या जातात. शिवाय घाईत बोलणारा ‘एफडी’तला ‘फ’ पुढच्या ‘ड’च्या संगतीने मऊ करतो आणि ‘एवढी’तला ‘ढ’ पुरता उच्चारत नाही. माणूस संदर्भावरून सहज ओळखतो. वहीत संदर्भ नसतो.

म्हणून या कामात पहिला धडा असा की छोटा शब्द कधी एकटा सोडायचा नाही. चार ध्वनींचा शब्द कुठेही ‘बसतो’, कारण बोलण्याच्या ओघात तसे चार ध्वनी सारखे शेजारी येत असतात. ‘फिक्स डिपॉझिट’ अकरा ध्वनींचं आहे. ते चुकून बसायला जागाच मिळत नाही. तेव्हा यादी अशी बनते: ‘फिक्स डिपॉझिट’, ‘एफडीसारखंच आहे’, ‘एफडीपेक्षा जास्त’, ‘बँकेची एफडी’. ही यादी ऑफिसात बसून सुचत नाही. पंधरा-वीस तक्रारींचे मूळ कॉल नीट ऐकायचे आणि एजंट खरोखर काय बोलले ते टिपायचं. पुस्तकी ‘मुदत ठेव’ शोधलीत तर हाती काही लागणार नाही, कारण विकणारा तसं बोलतच नाही. उच्चारही तोंडात येतो तसा द्यायचा, ‘फिक्स्ड’ नव्हे, ‘फिक्स’.

दुसरा प्रश्न गुणांचा. किती गुणांना पास करायचं? हे अंदाजाने ठरवू नये. कोणतेही २०० कॉल चिठ्ठ्या टाकून निवडायचे, माणसांनी पूर्ण ऐकायचे आणि आपल्या यादीतलं काही जिथे जिथे आलं तिथे खूण करायची. समजा अशा ४० जागा निघाल्या. आता पासिंग ८५ ठेवलं तर यंत्र २४ जागा दाखवतं, त्यातल्या २२ खऱ्या. चोख वाटतं, पण १८ निसटल्या. पासिंग ६० वर आणलं तर ते १५० जागा दाखवतं, ३६ खऱ्या आणि ११४ फुसक्या. निसटल्या फक्त चार. आकडे उदाहरणाचे आहेत, पण ही ओढाताण प्रत्येक यंत्रणेत असते. एक बाजू सावरली की दुसरी सुटते.

माझं मत विचाराल तर फसवणूक शोधताना पासिंग खालीच ठेवावं. फुसक्या जागेची किंमत पंधरा सेकंद. १२,००० कॉलमध्ये याच हिशेबाने ९,००० जागा येतील, त्या ऐकायला साडेसदतीस तास, म्हणजे एका माणसाचा आठवडाभर. २०० दिवसांपुढे हे काहीच नाही. पण काही कंपन्या ऐकण्याची पायरीच गाळतात आणि यंत्राने मोजलेल्या जागा थेट एजंटच्या नावापुढे लावतात. तिथे ‘एवढी’ म्हणण्याची सवय असलेल्या बिचाऱ्याचा इन्सेंटिव्ह कापला जातो.

शब्द सापडला म्हणजे गुन्हा सापडला असंही नाही. ‘ताई, ही एफडी नाही, विमा आहे, नीट लक्षात घ्या,’ असं बजावणारा प्रामाणिक एजंटही यादीत येतो. यासाठी कोण बोललं हे कळणं फार उपयोगाचं असतं. एजंट आणि ग्राहक यांचे आवाज वेगवेगळ्या चॅनेलवर रेकॉर्ड झाले असतील तर ग्राहकाने ‘म्हणजे एफडीच ना?’ विचारलं आणि पुढच्या पाच सेकंदांत एजंट ‘हो हो, तसंच’ म्हणाला, अशी जोडी शोधता येते. खरी फसवणूक बहुधा याच ‘हो हो’मध्ये असते. जागा वाचवण्यासाठी दोन्ही आवाज एकाच चॅनेलमध्ये मिसळून ठेवले असतील तर हा रस्ता बंद. दोघं एकदम बोलतात तिथे तर वहीसुद्धा गिचमिड होते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती न बोललेलं शोधताना. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला ‘फ्री लुक’ म्हणतात. समजा एजंटने हे सांगायलाच हवं असा कंपनीचा दंडक आहे आणि ज्या कॉलमध्ये ‘फ्री लुक’ सापडत नाही ते बाजूला काढा असा हुकूम आला. १,००० कॉलपैकी ९८० मध्ये एजंटने सांगितलं, २० मध्ये नाही. यंत्र दहातले नऊ पकडतं, म्हणजे उत्तमच. तरी ९८० पैकी ९८ त्याच्या हातून निसटतात. ‘सांगितलं नाही’ या ढिगात ११८ कॉल पडतात आणि त्यात दोषी फक्त २०. न सापडणं म्हणजे न बोलणं नव्हे, हे या धंद्यात भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

हल्ली यंत्र अख्खा कॉल लिहूनही देतं, मग त्यातच शब्द शोधला तर? बऱ्याच ठिकाणी तसंच करतात आणि स्वच्छ आवाजातल्या, भरपूर नमुने उपलब्ध असलेल्या भाषांत ते छान चालतं. पण लिहिणाऱ्या यंत्राला प्रत्येक जागी एकच शब्द ठरवावा लागतो. त्याने ‘एफडी’च्या जागी ‘एवढी’ लिहिलं की तो कॉल कायमचा हरवला, कितीही शोधा. ध्वनींच्या वहीत दोन्ही शक्यता शिल्लक राहतात. मराठी, हिंदी, इंग्रजीची मिसळ असलेल्या आपल्या फोनसंभाषणात हा फरक मोठा आहे. अमेरिकी सरकारच्या ‘बाबेल’ प्रकल्पात कमी नमुने असलेल्या भाषांमध्ये शब्दशोध कसा करायचा यावर गेल्या दशकात बरंच काम झालं. त्यात बंगाली, असमिया, तमिळ आणि तेलुगू होत्या. मराठी नव्हती.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी फोनवर ‘एफडीसारखंच’ काही विकायला आलं, तर ‘एफडी ना?’ एवढ्यावर थांबू नका. ‘ही बँकेची फिक्स डिपॉझिट आहे का विमा पॉलिसी?’ असं पूर्ण शब्दांत, समोरचा बोलायचा थांबल्यावर विचारा आणि उत्तरही पूर्ण वाक्यात मागा. कॉल रेकॉर्ड होतोय, हे त्यांनीच तुम्हाला सांगितलेलं असतं.