कोर्टाची पायरी : सात-अकराचा अर्ज फेटाळला, आता कुठे?

हुकूमनामा आणि आदेश यांतला फरक मागच्या आठवड्यात झाला. आज महसुली अपिलांकडे वळायचे कबूल केले होते, पण ते पुढे ढकलतो. आमगाव तालुक्यातल्या एका वाचकांचे पत्र आले आहे आणि त्यातला प्रश्न गोंदियाच्या कोर्टाच्या व्हरांड्यात कायम कानावर पडतो. ते विचारतात, ‘आमचा अर्ज कोर्टाने फेटाळला. जिल्हा न्यायालयात अपील करू म्हटले, तर वकीलसाहेब म्हणतात नागपूरला रिव्हिजन करावे लागेल. शेजाऱ्याच्या केसमध्ये अगदी अशाच अर्जावर गोंदियातच अपील झाले. मग आम्हालाच नागपूर का?’

वकीलसाहेब बरोबर आहेत, आणि शेजाऱ्याचे अपीलही बरोबर होते. प्रकरण थोडे बदलून सांगतो, म्हणजे कुणाची ओळख पटायची नाही.

धानाची तीन एकर बांधी. २०११ साली तिचे नोंदणीकृत खरेदीखत झाले. विकणाऱ्याच्या मुलाने २०२३ मध्ये दावा लावला की खरेदीखत फसवून करून घेतले, ते रद्द करा. खरेदीदार प्रतिवादी झाला आणि त्याने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ रूल ११ खाली अर्ज दिला. वकील मंडळी याला नुसते ‘सात-अकरा’ म्हणतात. म्हणणे असे की दस्त रद्द करून मागायला तीन वर्षांची मुदत असते, इथे बारा वर्षे झाली, तेव्हा वादपत्र दारातच नामंजूर करा. मुलाने वादपत्रात लिहिले होते की सातबारा काढला तेव्हा, २०२२ मध्ये, आपल्याला हे कळले. कोर्टाने म्हटले, केव्हा कळले हे पुराव्याशिवाय ठरणार नाही. अर्ज फेटाळला.

समजा कोर्टाने हाच अर्ज मंजूर केला असता. वादपत्र नामंजूर होणे म्हणजे कायद्याने हुकूमनामाच. कलम २ च्या व्याख्येतच तसे म्हटले आहे. हुकूमनाम्यावर कलम ९६ खाली अपील. म्हणजे मुलगा तीस दिवसांत गोंदियाच्या जिल्हा न्यायालयात गेला असता. शेजाऱ्याचे झाले ते हेच. अर्ज फेटाळला गेला, तर मात्र तो हुकूमनामा होत नाही, कारण दावा जिवंतच असतो. नुसत्या आदेशांवरही काही वेळा अपील चालते. कोणत्या, त्याची यादी ऑर्डर ४३ मध्ये आहे. निशाणी ५ वरचा तात्पुरता मनाई हुकूम तीत आहे, एकतर्फी हुकूमनामा रद्द करायला नकार दिला तर तेही तीत आहे. सात-अकरा फेटाळल्याचा आदेश तीत नाही. अपील बंद, म्हणून कलम ११५ चे रिव्हिजन. महाराष्ट्रात दिवाणी रिव्हिजनचा अधिकार फक्त उच्च न्यायालयाला आहे, आणि गोंदियासाठी उच्च न्यायालय म्हणजे नागपूर खंडपीठ. फौजदारीत तसे नाही. तिथे गोंदियाच्या सत्र न्यायालयातही रिव्हिजन होते. लोकांचा घोळ बहुतेक इथेच होतो.

आता माझा आवडता मुद्दा. मधल्या टप्प्यावरच्या प्रत्येक आदेशावर रिव्हिजन करता येतेच असे नाही. १ जुलै २००२ पासून कलम ११५ मध्ये एकच कसोटी उरली : आदेश उलटा, म्हणजे अर्जदाराच्या बाजूने झाला असता, तर दावा तिथेच संपला असता का? संपला असता तर रिव्हिजन चालेल, नाहीतर नाही. ही दुरुस्ती आधीपासून पडून असलेल्या रिव्हिजनांनाही लागू होते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तो नागपूरच्या शिवशक्ती सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणातून. २००३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की लागू होते. अपील हा पक्षकाराचा हक्क असतो. रिव्हिजन हा वरच्या कोर्टाचा देखरेखीचा अधिकार आहे, त्यात पक्षकाराचा हक्क रुजत नाही.

पण हे ‘उलटे करून पाहणे’ २००२ मध्ये जन्मलेले नाही. १९७४ मध्ये मधु लिमये यांनी दिल्लीत पत्रकार परिषद घेऊन महाराष्ट्राचे तेव्हाचे कायदामंत्री अ. र. अंतुले यांच्यावर आरोप केले. अब्रुनुकसानीची फिर्याद सरकारी वकिलाने थेट मुंबईच्या सत्र न्यायालयात दाखल केली. मंत्र्याच्या सरकारी कामाबद्दल बदनामी झाली, तरच हा थेट रस्ता खुला असतो. लिमये म्हणाले, माझे आरोप त्या कामाबद्दल नाहीतच, तेव्हा या कोर्टाला फिर्याद ऐकण्याचा अधिकार नाही. हरकत फेटाळली गेली. उच्च न्यायालयाने म्हटले, हा मधला आदेश आहे, फौजदारी संहितेच्या कलम ३९७(२) प्रमाणे यावर रिव्हिजन नाही. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. जी हरकत मान्य झाली असती तर खटलाच संपला असता, ती फेटाळणारा आदेश निव्वळ मधला म्हणता येत नाही, असे ठरले. जुने ३९७ आता नागरिक सुरक्षा संहितेत ४३८ झाले, तरी कसोटी तीच.

आपल्या धानाच्या बांधीला ती लावू. सात-अकरा मंजूर झाला असता तर दावा संपला असता, म्हणून रिव्हिजन चालते. उद्या मुलाने वादपत्रात दुरुस्ती मागितली आणि कोर्टाने नाही म्हटले, तर? दुरुस्ती मिळाली असती तरी दावा पुढे चाललाच असता. इथे अपील नाही आणि रिव्हिजनही नाही. उरते संविधानाचे अनुच्छेद २२७, तेही नागपूरलाच. आणि तिथे कोर्ट फार जपून हात घालते.

पण रिव्हिजन चालते म्हणजे ते मंजूर होते, असे समजू नका. पंगतीत पान मांडले म्हणजे वाढलेच, असे नसते. अपिलात पुरावा आणि कायदा दोन्ही पुन्हा तपासतात. रिव्हिजनमध्ये प्रश्न एवढाच की खालच्या कोर्टाने नसलेला अधिकार वापरला का, असलेला वापरायचे नाकारले का, किंवा वापरताना बेकायदा वागले का. आदेश चुकीचा वाटतो, एवढे पुरत नाही. शिवाय सात-अकरा ठरवताना फक्त वादपत्र आणि त्यासोबतचे कागद बघतात, प्रतिवादीचा बचाव नाही. मुलाने ‘२०२२ मध्ये कळले’ असे तपशिलाने लिहिले असेल, तर या प्रतिवादीचे नागपूरला काही फारसे होईल असे मला वाटत नाही.

मुदत आदेशापासून नव्वद दिवसांची. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून आदेशाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका. चुकून आधी जिल्हा न्यायालयात अपील केले असेल, तर तिथे गेलेला काळ विलंबमाफीच्या अर्जात दाखवता येतो, पण ती चूक प्रामाणिक होती हे पटवावे लागते.

आणि एक गोष्ट नक्की करा. रिव्हिजन दाखल झाले म्हणून खालचा दावा थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि मिळावीही लागते. प्रतिवादी ‘प्रकरण नागपूरला आहे’ म्हणून निर्धास्त बसतो, इकडे लेखी कैफियतीचे दिवस सरतात, आणि एके दिवशी रोजनाम्यात ‘नो डब्ल्यूएस’ असा शेरा पडतो. मग तो रद्द करून घ्यायला पुन्हा अर्ज, बहुधा दंड आणि आणखी काही तारखा. कैफियत तयार ठेवा, आणि स्थगिती हातात नसेल तर दाखल करून मोकळे व्हा. ‘सात-अकराची हरकत राखून’ असे तीत लिहायला वकिलांना सांगा.

महसुली कलमे २४७ आणि २५७ पुढच्या आठवड्यात. तोवर, ज्यांच्याकडे वहिवाटीच्या रस्त्याबद्दल तहसीलदारांचा आदेश आहे, त्यांनी तो कोणत्या कायद्याखाली दिला आहे ते वरच्या चार ओळींत वाचून ठेवावे. मामलेदार न्यायालय अधिनियमाखालचा असेल, तर त्यावर अपील नाही, कलम २३ खाली रिव्हिजन आहे.