शाडूच्या उंचवट्याचे दोन छेद

पाटावर शाडूच्या मातीचा एक गुळगुळीत, लांबट उंचवटा करून ठेवा. लांबी सुमारे २२ सेंटीमीटर, रुंदी साडेपंधरा, मधोमध उंची १२. आता त्याच्या अंगावर कुठेतरी एक मोहरी टोचा आणि विचारा, इथे उतार किती? उत्तर देता येणार नाही, कारण प्रश्नच अर्धवट आहे. घाटरस्त्यावर हा प्रश्न चालतो, तिथे पुढे आणि मागे एवढ्याच दोन दिशा असतात. डोंगराच्या अंगावर मात्र पाऊल कुठेही टाकता येतं आणि दिशा बदलली की उतारही बदलतो. दोन चलांच्या फलनाची खरी अडचण हीच आहे आणि आंशिक अवकलज हा तिच्यावरचा उपाय आहे.

पाटाचा मध्य हे शून्य धरू. उजवीकडचं अंतर x, पुढचं अंतर y, आणि त्या जागी मातीची उंची z, सगळं सेंटीमीटरमध्ये. आपल्या उंचवट्याचं सूत्र असं:

z = 12 − x²/10 − y²/5

मोहरी मध्यापासून ५ सेंटीमीटर उजवीकडे आणि ५ सेंटीमीटर पुढे टोचली आहे. १२ मधून अडीच आणि ५ वजा केले की उंची साडेचार येते.

आता एक बारीक तार दोन्ही हातांत ताणून धरा. सुरी नको, तिला माती चिकटते आणि कडा फाटते. तार पाटाच्या लांब बाजूला समांतर ठेवून, बरोबर मोहरीवरून, सरळ खाली दाबा. पुढचा तुकडा अलगद बाजूला काढला की मातीची एक उभी, सपाट भिंत समोर येते. तिची वरची कड म्हणजे एक वक्ररेषा आहे. या भिंतीवर सगळीकडे y ची किंमत ५ च आहे, म्हणून सूत्रात y च्या जागी ५ घालायचे. उरतं ते z = 7 − x²/10, म्हणजे शाळेत ओळखीचा झालेला, एकाच चलाचा पॅराबोला. पृष्ठभाग गेला, वक्ररेषा राहिली.

या रेषेचा मोहरीपाशी उतार काढणं जुनंच काम आहे. x पाचावरून ५.१ केला की उंची ४.५ वरून ४.३९९ होते. पाव इंचाहूनही कमी सरकलो, ०.१ सेंटीमीटर, आणि उंची ०.१०१ ने घटली, म्हणजे गुणोत्तर −१.०१. पाऊल आणखी लहान, ०.०१ चं, घेतलं तर −१.००१. हे आकडे −१ कडे चालले आहेत. कापलेल्या भिंतीला पट्टी लावून तिची कड मोहरीपाशी वक्ररेषेला फक्त टेकेल अशी धरा. ती बरोबर ४५ अंशांत खाली झुकलेली दिसेल. हा −१ म्हणजे x च्या दिशेचा आंशिक अवकलज, ∂z/∂x.

तुकडा परत जागेवर बसवा आणि दुसरा छेद आडव्या दिशेने, पाटाच्या आखूड बाजूला समांतर घ्या. आता x पाचावर थांबला आणि कड झाली z = 9.5 − y²/5. इथे मोहरीपाशी उतार −२ येतो. पट्टी सुमारे ६३ अंशांत झुकते. मोहरी तीच, माती तीच, पण एका भिंतीवर उतार १ आणि दुसऱ्या भिंतीवर २. ∂ ही वळणदार खूण या अर्थाने लजांद्रने १७८६ मध्ये वापरली. पुढे ती मागे पडली. १८४१ मध्ये याकोबीने तिला पुन्हा उचलून धरलं, तेव्हा कुठे ती रुळली.

आकडेमोडीत विद्यार्थी सहसा चुकत नाहीत. ‘y स्थिर धरा’ या तीन शब्दांचा अर्थ लावताना मात्र चुकतात. y स्थिर म्हणजे y चा संबंध नाही, असं त्यांना वाटतं. आपल्या उंचवट्यात हा गैरसमज खपूनही जातो. तार पुढे-मागे कुठेही लावा, x पाच असताना त्या दिशेचा उतार −१ च येतो. म्हणून z = xy हा पृष्ठभाग मुद्दाम पाहावा. y एकावर थांबवला तर छेदात १ चढाची सरळ रेषा मिळते. तीनवर थांबवला तर चढ ३ होतो, आणि −२ वर थांबवला तर तीच रेषा उताराला लागते. y स्थिर असतो फक्त त्या एका छेदापुरता. तार कुठे लावली यावर सगळं अवलंबून आहे.

तार आडवी, पाटाला समांतर फिरवली तर वेगळंच काही हाती येतं. ती समोच्च रेषा, नकाशावर डोंगराभोवती काढतात तशी. तिच्यावर उंची बदलतच नाही. उतार वाचायचा तर छेद उभाच हवा.

मग उरलेल्या असंख्य दिशांचं काय? पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर दोन पट्ट्या पुरतात. दोन्ही पट्ट्यांवर एक सपाट पुठ्ठा ठेवला की ते झालं मोहरीपाशी टेकणारं स्पर्श-प्रतल, आणि त्याच्यावरून कुठल्याही दिशेचा उतार वाचता येतो. तिरकं जाऊ या: ०.१ उजवीकडे आणि ०.२ पुढे. अंदाज −०.१ आणि −०.४ मिळून −०.५. प्रत्यक्ष मोजली तर उंची ३.९९१ येते, म्हणजे घट ०.५०९. सर्वांत तीव्र उतार याच तिरक्या दिशेला आहे, सुमारे २.२४. x चा अक्ष या दिशेला वळवून तारही त्याच्याबरोबर फिरवली, तर दोन आंशिक अवकलज −२.२४ आणि ० होतील. माती मात्र जराही हललेली नसेल. म्हणजे हे दोन आकडे मातीइतकेच आपण निवडलेल्या अक्षांचेही असतात.

आता गुळगुळीत नसलेलं एक उदाहरण.

z = xy/(x² + y²)

मध्यबिंदूवर उंची शून्य ठरवून दिली आहे. मध्यातून x च्या दिशेने कापा, कड सपाट, उतार शून्य. y च्या दिशेने कापा, तिथेही शून्य. दोन पट्ट्या ठेवल्या तर पुठ्ठा छान आडवा बसेल. पण x आणि y सारखे ठेवून तिरकं मध्याकडे या: उंची सतत अर्धा. मध्यापासून केसभर अंतरावरही अर्धा, आणि मध्यावर एकदम शून्य. तिथे कडाच तुटला आहे आणि दोन्ही छेदांना त्याचा पत्ता नाही.

याची खूण शेजारच्या छेदांत सापडते. y दशांशावर ठेवून x च्या दिशेने कापलं तर x = 0 पाशी चढ १० येतो, शतांशावर १००, सहस्रांशावर १०००, आणि नेमका मध्यावर शून्य. आंशिक अवकलज असे उड्या मारत नसतील, बिंदूच्या आसपास सलग बदलत असतील, तर पुठ्ठ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. म्हणून दोन उतार काढून झाले, तरी तार लगेच खाली ठेवू नका. थोडी बाजूला सरकवून आणखी एक-दोन छेद घेऊन पाहा.